‘ग्लास सीलिंग’ आणि ‘लॅटरल मूव्ह’ : अर्थ हवा आहे, नुसता प्रतिशब्द नको

सायली_क

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीच्या गृहपत्रिकेचं मराठीचं काम माझ्याकडे असतं. या अंकासाठी करिअरवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. बाकीचा झाला, एका परिच्छेदापाशी गाडी अडली आहे. त्यात एका बाईंची हकिगत आहे. त्या बारा वर्षं एचआरमध्ये होत्या. तिथे त्यांना ‘ग्लास सीलिंग’ लागलं, मग त्यांनी ‘लॅटरल मूव्ह’ घेतली, उत्पादन विभागात गेल्या आणि काही वर्षांनी त्याच कारखान्याच्या प्रमुख झाल्या.

सहकाऱ्याने कच्चा अनुवाद करून दिलाय: ‘काचेचे छत लागल्यावर त्यांनी बाजूची हालचाल केली.’ आमच्या शॉपफ्लोअरवर हे वाचणाऱ्याला वाटेल की बाई भूकंपात सापडल्या होत्या.

पण शब्द नंतर बघू, मलाच अर्थ नीट कळलेला नाही. हुद्दा तोच, पगार तोच, मग आडवं सरकून माणूस वर कसा पोचतो? आणि बढती मिळाली नाही म्हणजे ग्लास सीलिंग लागलं, असंच ना? तसं असेल तर आमच्याकडे निम्म्या लोकांना ते लागलंय.

निवृत्त_नाना

मी महसूल खात्यातला. आमच्या उभ्या नोकरीत सीलिंग एकच, १९६१ च्या कायद्याचं. कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन असली की ती सीलिंगमध्ये गेली म्हणायचे. म्हणून सुचवतो, ‘छत’ हा शब्द सोडा आणि ‘मर्यादा’ धरा. याच्या वर जाता येत नाही, एवढाच अर्थ.

लॅटरल मूव्ह मात्र चांगली ओळखीची आहे. आमच्याकडे तिला ‘समकक्ष पदावर बदली’ म्हणतात. कालपर्यंत तालुका चालवणाऱ्या तहसीलदाराला त्याच वेतनश्रेणीत अकार्यकारी पदावर नेऊन बसवायचं. आदेशात शिक्षेचा शब्दही नसतो. पण दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायचा थांबतो. साइड पोस्टिंग! तेव्हा लेखातल्या बाईंना ते मुद्दाम हवंसं का वाटलं, हे मलाही कोडंच आहे.

ध्रुव९४

लॅटरल म्हणजे डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तेच ना? मी तसाच आलोय. पहिलं वर्ष वाचलं, पण दुसऱ्या वर्षाच्या गणिताने घाम काढला. बाईंनाही मधल्या पायरीवरून घेतलं असणार.

अनिरुद्ध_म

ध्रुव, ती लॅटरल एंट्री. बाहेरचा माणूस थेट मधल्या पायरीवर आत येतो. केंद्र सरकारनेही सहसचिव वगैरे पदांवर तशी माणसं घेतली, २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात आली आणि वाद झाल्यावर काही दिवसांत मागे घेतली, ती हीच. लॅटरल मूव्हमध्ये माणूस आतलाच असतो, उंची तीच राहते, फक्त काम बदलतं.

ग्लास सीलिंगसाठी आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सी. बी. मुथम्मा. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. बढती नाकारली म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये निकाल आला. त्या काळी नियमच होता की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. यापेक्षा स्पष्ट ग्लास सीलिंग कुठलं?

अदिती_गो

अनिरुद्ध, उदाहरण चांगलं आहे, पण त्यातला निम्माच भाग काचेचा आहे. लग्नाचा नियम ही दगडी भिंत होती. कागदावर लिहिलेली, सगळ्यांना दिसणारी. म्हणून तर कोर्टात त्यावर बोट ठेवता आलं. काच म्हणावी ती दुसऱ्या भागाला. निवड समितीने ‘पात्र नाही’ म्हटलं आणि बढती अडली. का पात्र नाही, ते कुठल्या नियमात सापडणार? आणि गंमत बघ, खटला चालू असतानाच सरकारने त्यांना ती बढती देऊन टाकली.

सायली, मी वीसेक वर्षं वेतन आणि पदरचना याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून.

बढती न मिळणं म्हणजे ग्लास सीलिंग नव्हे. वर जागा कमीच असतात, बहुतेक माणसं कुठेतरी थांबतातच. या शब्दात सगळं वजन काचेवर आहे. वरचा मजला दिसतो, वर जायला मनाई करणारा एकही कागद नसतो, आणि तरी एका ठरावीक पायरीवर एकाच प्रकारची माणसं अडतात. मॅरिलिन लोडेन यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिसंवादात हा शब्द वापरला. तिथे बोलणाऱ्यांचा सूर असा होता की बायका मागे राहतात कारण त्यांची स्वतःबद्दलची समजूतच कमी पडते. लोडेन म्हणाल्या, दोष बायकांत शोधू नका, वर अडवणारं काहीतरी आहे आणि ते दिसत नाही. पुढे १९८६ च्या वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या लेखाने तो शब्द सगळीकडे गेला.

आता हे ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट करते, पायरीवार मोजते. समजा सगळ्यात खालच्या अधिकाऱ्यांत १०० पैकी ४० बायका आहेत. पुढच्या पायरीवर ३७, त्यापुढे ३४, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर एकदम ६. जिथे आकडा असा कोसळतो तिथे थांबून बघायचं. त्या ३४ जणींचा अनुभव आणि रेटिंग बरोबरीच्या पुरुषांइतकंच असेल आणि तरी त्या अडल्या असतील, तर काच तिथे आहे. याउलट खालपासून वरपर्यंत सगळीकडे १०० मागे ६ च असतील, तर ते दुखणं वेगळं. दार भरतीलाच बंद आहे. त्याला ग्लास सीलिंग म्हटलं की इलाजही चुकीच्या जागी होतो.

मिलिंद_दा

मग माझ्या डोक्यावर आहे ते काय? कौटुंबिक कंपनीत सतरा वर्षं जनरल मॅनेजर आहे. वरची खुर्ची मालकाच्या मुलाची, तो सध्या दहावीत आहे.

अदिती_गो

दादा, तो स्लॅब. आरपार काही दिसत नाही आणि कोणी लपवलेलाही नाही. :)

पण पुरुषांना हा शब्द लागूच होत नाही असं समजू नका. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने या विषयावर आयोग नेमला, त्याच्या कामात बायकांबरोबर अल्पसंख्याकही होते. अट एवढीच की तुम्ही अडताय ते तुमच्या गटामुळे.

राजाभाऊ_पी

मला हा विषय नेहमी एकतर्फी वाटतो. मी सरकारी बँकेत होतो. परीक्षा सगळ्यांना एकच, मुलाखतीची समिती एकच. क्लार्कमधून अधिकारी व्हायची यादी लागली की किती बायका लेखी देऊन बढती नाकारायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःच नको म्हणायचं आणि नंतर काच दाखवायची, हे बरोबर नाही.

सुलभा_ताई

राजाभाऊ, त्या लेखी देणाऱ्यांत मी होते. दोनदा.

बढती म्हणजे बदली, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वेळी मुलगी दोन वर्षांची होती. दुसऱ्या वेळी सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता, आणि बढतीचं ठिकाण घरापासून रात्रभराच्या एसटीवर. हे मिस्टरही आमच्याच बँकेत. त्यांनी त्याच यादीत बढती घेतली, तीन वर्षं गावाकडच्या शाखेत काढली आणि परत आले ते स्केल टू होऊन. ते जाऊ शकले कारण घरी मी होते. मी जाऊ शकले नाही कारण घरी मीच होते. त्यांना दोष देत नाही, माणूस भला आहे.

परीक्षा दोघांना एकच होती, खरं आहे. याला काच म्हणायचं की माझी निवड, हे मला आजही ठरवता येत नाही. फक्त ‘स्वतःच नको म्हणाल्या’ एवढ्या तीन शब्दांत ते मावत नाही.

राजाभाऊ_पी

ताई, तुमचं पटलं. तरी ग्रामीण शाखेची अट काढून टाकावी असं मी म्हणणार नाही. खेड्यातली शाखा पाहिल्याशिवाय अधिकारी घडत नाही. मग ती अट कोणी, कधी पुरी करायची, यावर बोलता येईल.

सुलभा_ताई

अट काढा असं मीही म्हणत नाही. मुलं मोठी झाल्यावर मी आनंदाने गेले असते. पण तोवर माझ्याबरोबरचे दोन पायऱ्या पुढे गेले होते.

अदिती_गो

सुलभाताईंसारख्या जागी जाणकारांतही एकमत नाही. मी त्याला काच म्हणत नाही, कारण अट लिहिलेली आहे. पण अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर सांभाळणारी बायको असलेला माणूस होता, एवढं नक्की.

काच कशी असते त्यासाठी अ‍ॅन हॉपकिन्सचा खटला बघा. १९८२ मध्ये प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण कंपनीत भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई एकटी हीच. तेव्हाच्या ६६२ भागीदारांत बायका ७. तिने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम कंपनीला मिळवून दिलं होतं, आणि त्या कामाची तारीफही झाली. तरी नाव लटकवून ठेवलं. का, तर अभिप्रायात लिहिलं होतं की वागणं फार कडक. पुढच्या वर्षी संधी वाढावी म्हणून सल्ला मिळाला: चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, मेकअप कर, केस नीट करून घे, दागिने घाल. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बाईने कसं असावं या ठोकळ्यात बसवून बढतीचा निर्णय घेणं हाही भेदभावच. पुढे कोर्टाच्या आदेशाने ती भागीदार झाली.

कडक असणं तिथल्या पुरुषांना आड आलं नव्हतं. अभिप्रायाचे कागद हाती लागले म्हणून हे सिद्ध झालं. एरवी ‘अजून तयारी नाही’ या वाक्यात काच विरघळून जाते.

सायली_क

अदितीताई, मनापासून आभार. दुसरा प्रश्न सुटला. पण पहिला तसाच आहे. नाना म्हणतात तशी समकक्ष बदली ही शिक्षा असेल, तर लेखातल्या बाई वर कशा गेल्या?

अदिती_गो

जुन्या वाड्यात दोन जिने असतात तसं समज. एक माडीवर जातो, दुसरा मधल्या पोटमाळ्यावर संपतो. एचआर, प्रशिक्षण, जनसंपर्क यांचा जिना त्या-त्या विभागप्रमुखापाशी संपतो. कारखान्याचा प्रमुख सहसा उत्पादनातून येतो, कंपनीचा प्रमुख विक्री, उत्पादन किंवा वित्त यातून. आणि बायका मोठ्या संख्येने कुठल्या जिन्यावर असतात ते तुला माहीत आहे. त्या जिन्यावर तू कितीही चांगलं काम कर, माडी लागणारच नाही. याला इंग्रजीत काचेच्या भिंती म्हणतात. छताआधी भिंत.

लेखातल्या बाईंनी उंची तीच ठेवून जिना बदलला. म्हणून ती हालचाल आडवी, आणि तिचं फळ चार वर्षांनी. नानांनी सांगितली तीही आडवीच, पण उलट दिशेची. माडीच्या जिन्यावरून पोटमाळ्याच्या जिन्यावर.

निवृत्त_नाना

आता उलगडलं. आमच्याकडेही काही जण मुद्दाम समकक्ष बदली मागून घेत, पुढच्या पदासाठी तो अनुभव लागतो म्हणून. आम्ही त्यांना वेडे समजायचो.

मृण्मयी_चाकण

मी लेखातल्या बाईंसारखंच केलंय, म्हणून सांगते. लेखात हे इतकं सोपं वाटतं की वाईट वाटलं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मी एचआरमध्ये नऊ वर्षं. त्याच ग्रेडमध्ये पीपीसीला गेले, म्हणजे उत्पादनाचं नियोजन. पगारात एक रुपयाचा फरक नाही. बदली झाली ऑक्टोबरात, अप्रेजल मार्चात. जुने साहेब म्हणाले, आता ती माझ्याकडे नाही. नवे म्हणाले, मी तिला पाच महिने पाहिलंय, त्यात ती शिकतच होती. दरवर्षी ४ मिळायचा, त्या वर्षी ३ मिळाला. व्हेरिएबल पे कमी झाला, ते सोसलं. पण आमच्याकडे पुढच्या ग्रेडसाठी लागोपाठ दोन वर्षं ४ लागतात. त्या एका ३ ने माझी बढतीची पात्रता दोन वर्षं मागे गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि एचआरमध्ये असून मी विचारलंही नव्हतं.

कामाचं म्हणाल तर पहिले सहा महिने रडकुंडीला आले. रात्री दोनला फोन, कास्टिंग आलं नाही, लाईन थांबली, ग्राहकाचा ट्रक गेटवर उभा. एचआरमध्ये चूक झाली तर दोन दिवसांनी कोणीतरी नाराज होतं. इथे चूक झाली की तासाभरात किती नग पडले ते बोर्डावर दिसतं. पण नेमकं त्यामुळेच झालं असं की माझ्याबद्दल कोणाला ‘वाटतं’ काय याला किंमत उरली नाही. आकडा समोर असतो. आज तीन लाईनींचं नियोजन माझ्याकडे आहे आणि अडलेली ग्रेडही मिळाली. प्लँट हेड अजून नाही. होईन की नाही ते माहीत नाही.

वंदना_ज

माझं नेमकं उलट. विक्रीत होते, एका विभागाचं टार्गेट माझ्याकडे होतं. मुलगा झाल्यावर सहा महिन्यांनी रुजू झाले तर सांगितलं, तुझ्यासाठी सीएसआर प्रमुख हे पद काढलंय. फिरती नाही, ग्रेड तीच. कार्डावर ‘प्रमुख’ वाचून घरचे सगळे खूश, मीही. दोन वर्षांनी विक्रीत परत जायचं म्हटलं तर उत्तर आलं, तुझा बाजाराशी संबंध तुटलाय. लॅटरल मूव्हच होती तीही. कोणी वाईट हेतूने केलं असंही नाही, त्यांना खरंच माझी काळजी वाटली असावी.

केतकी_स

धागा वाचताना धडधडायला लागलंय. मला गेल्याच आठवड्यात असंच विचारलंय. मी क्वालिटी ट्रेनिंगमध्ये आहे, त्याच ग्रेडमध्ये डिस्पॅच आणि वेअरहाउस बघशील का म्हणून. आईला वाटतं मला गोदामात टाकतायत. मूव्ह चांगली की वाईट, हे आधी कसं ओळखू?

मृण्मयी_चाकण

केतकी, पदाचं नाव बाजूला ठेव. तिथे रुपयांचा किंवा नगांचा आकडा तुझ्या नावावर असणार आहे का? हाताखाली माणसं किती? आणि कोणाला न विचारता तू काय ठरवू शकतेस? वंदनाताईंच्या पदात पहिलंच नव्हतं. गोदामात तिन्ही असू शकतात. आईला सांग, गोदाम चालवणाऱ्याला कारखान्याचं सगळं कळतं.

मग दोन गोष्टी ईमेलवर विचारून घे, तोंडी नको. या ग्रेडमधली आजवरची वर्षं पुढच्या बढतीसाठी धरणार की घड्याळ शून्यावर जाणार? आणि या वर्षीचं रेटिंग कोण देणार?

अदिती_गो

+१. अजून एक. या जागेवर आधी कोण होतं आणि ते पुढे कुठे गेलं, ते शोध. मागचे दोघं-तिघं वर गेले असतील तर तो माडीचा जिना. तिथूनच निवृत्त झाले असतील तर सावध. नवीनच पद असेल तर ते आजच का निघालं, ते विचार.

मिलिंद_दा

आमच्याकडे डिस्पॅचच्या माणसाला मालक दिवसातून चार वेळा फोन करतात. मला आठवड्यातून एकदा. यावरून काय ते समज.

ध्रुव९४

सायलीताई, मग शेवटी मराठीत काय लिहिणार? ‘अदृश्य अडसर’ कसं वाटतं?

अनिरुद्ध_म

अडसर चांगला शब्द आहे, पण तो दाराला असतो. इथे अडथळा डोक्यावर आहे. आणि ‘अदृश्य’मध्ये पलीकडचं दिसत असल्याची टोचणी जाते. काच ठेवाच.

सायली_क

काच ठेवतेय. आत्ता असं लिहिलंय: ‘एचआरमध्ये एका पायरीनंतर बायका वर जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. नियम आड नव्हता, वरच्या खुर्च्या दिसत होत्या, पण मध्ये काच होती. तेव्हा त्यांनी त्याच हुद्द्यावर, त्याच पगारावर विभाग बदलून घेतला आणि उत्पादनात गेल्या.’ पहिल्यांदा येईल तिथे ‘ग्लास सीलिंग’ आणि ‘लॅटरल मूव्ह’ हे शब्दही ठेवतेय, कारण आमच्याकडे बोलताना सगळे तेच म्हणतात. एका वाक्याची तीन झाली, संपादक कुरकुरतील. मृण्मयी, तुझी रेटिंगची गोष्ट नाव न घालता चौकटीत टाकू का?

मृण्मयी_चाकण

टाक की. दोन वर्षांचा उल्लेख मात्र गाळू नकोस.

निवृत्त_नाना

‘हुद्द्यावर’ ऐवजी ‘समकक्ष पदावर’ घातलं असतं तर बरं झालं असतं. पण राहू द्या, तुमचा वाचक परिपत्रकं वाचणारा नाही.

केतकी_स

उत्तर आलं. ग्रेडमधली वर्षं धरणार, तसं लेखी दिलंय. रेटिंगचं म्हणाले, मार्चपर्यंत जुने साहेब, पुढे नवे. आधीच्या तिघांपैकी एक सध्या दुसऱ्या प्लँटचा ऑपरेशन्स हेड आहे, एक कंपनी सोडून गेला, एक तिथूनच निवृत्त झाला. म्हणजे अदितीताई, तुमच्या कसोटीवर धड हो नाही, धड नाही नाही. हाताखाली २२ माणसं आणि महिन्याच्या डिस्पॅचचा आकडा माझ्या नावावर. सोमवारी हो कळवतेय. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी.